मधुमेहींसाठी क्लाउड किचन: डब्यावरचा कर्बोदकांचा आकडा खरा कसा ठेवावा

मधुमेह असलेल्यांना जेवणाचे डबे पुरवणारे क्लाउड किचन सुरू करू पाहणारी मंडळी भेटली की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा पदार्थांविषयी असतो. कोणता तांदूळ घ्यावा, साखरेऐवजी काय वापरावे, बटाटा पूर्ण वर्ज्य करावा का, असे ते विचारतात. हे प्रश्न गैर नाहीत, पण मला स्वतःला ज्या गोष्टीने धडा शिकवला ती वेगळी होती. सुरुवातीच्या महिन्यात एका ग्राहक बाईंनी फोन करून सांगितले की, तुमचा तोच रस्सा आणि तोच भात मंगळवारी खाल्ला तेव्हा दोन तासांनंतरची साखर ठीक होती, शुक्रवारी मात्र ती बरीच वर गेली. जेवणापूर्वीचे इन्सुलिन त्यांनी दोन्ही दिवशी डब्यावर छापलेला आकडा पाहूनच घेतले होते. साखर वर जाण्याची कारणे अनेक असू शकतात, तरीही मी त्या दिवशी पॅक होऊन निघालेले उरलेसुरले डबे उघडून वजन केले, आणि एकाच पातेल्यातून भरलेल्या दोन डब्यांत काबुली चण्यांचे प्रमाण जवळजवळ दुपटीने वेगळे निघाले. पाककृती बरोबर होती, साहित्यही बरोबर होते, चूक होती ती डबा भरण्याच्या पद्धतीत.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की या व्यवसायात आपण विकतो तो पदार्थ नव्हे, डब्यावरचा आकडा विकतो, आणि तो आकडा रोज, प्रत्येक डब्यात खरा असावा लागतो. पुढील पायऱ्या त्याच दृष्टीने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: कोणासाठी शिजवायचे आणि कोणाला नाही म्हणायचे

मधुमेही हा एकच गट नाही. टाइप २ मधुमेह असलेली आणि फक्त आहार किंवा मेटफॉर्मिनसारख्या गोळीवर असलेली व्यक्ती, जेवणागणिक इन्सुलिन घेणारी व्यक्ती, मधुमेहासोबत मूत्रपिंडाचा विकार असलेली व्यक्ती आणि गरोदरपणात मधुमेह झालेली स्त्री, या चौघांच्या ताटाच्या गरजा निरनिराळ्या आहेत. मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिने, पोटॅशियम आणि फॉस्फरस यांवर वैद्यकीय सल्ल्याने मर्यादा घालाव्या लागतात. कडधान्ये, टोमॅटो आणि पालक यांनी भरलेला, एरवी उत्तम वाटणारा डबा अशा माणसाला अपायकारक ठरू शकतो. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिले सहा महिने तरी मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या, गरोदर नसलेल्या प्रौढ व्यक्तींपुरतेच काम ठेवावे, आणि इतरांना त्यांच्या आहारतज्ज्ञाने लेखी प्रमाण दिल्याशिवाय डबा देऊ नये.

नोंदणी करताना चारच गोष्टी विचाराव्यात: जेवणासोबत इन्सुलिन किंवा साखर खूप खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेता का, मूत्रपिंडाचा विकार आहे का, गरोदर आहात का, आणि कशाची ॲलर्जी आहे. ॲलर्जीच्या प्रश्नात गव्हाचा उल्लेख आवर्जून करावा, कारण टाइप १ मधुमेह असलेल्यांमध्ये सिलिॲक आजार, ज्यात गहू बाधतो, इतरांपेक्षा अधिक आढळतो. ही माहिती खाजगी असते. ती आचाऱ्यापर्यंत किंवा डबा पोहोचवणाऱ्यापर्यंत जाण्याची गरज नसते, त्यांना फक्त डब्याचा प्रकार कळला म्हणजे पुरे.

दुसरी पायरी: आकडा ठरवणे

सर्व पदार्थ ठरवण्याआधी एका जेवणातील कर्बोदकांचे लक्ष्य ठरवावे. आहारतज्ज्ञ पुष्कळदा १५ ग्रॅम कर्बोदके हा एक भाग धरून हिशेब करतात, त्यामुळे ३०, ४५ आणि ६० ग्रॅम या पायऱ्या ग्राहकांना आणि त्यांच्या डॉक्टरांना लगेच समजतात. सुरुवात ४५ ग्रॅमच्या एकाच डब्याने करावी. कोणाला किती कर्बोदके योग्य हे ठरवण्याचे काम आपले नाही, ते त्यांच्या आहारतज्ज्ञाचे आहे. आपले काम एवढेच की ४५ म्हटले की डब्यात ४५ च्या आसपासच असावे. मी वर-खाली ५ ग्रॅमची सूट मान्य करते, त्याहून अधिक नाही.

इथे एक सापळा आहे. अन्नघटकांचे काही तक्ते कर्बोदकांच्या आकड्यात तंतू धरतात, तर काही तंतू वगळून आकडा देतात. अमेरिकेतील वेष्टनांवर छापलेल्या एकूण कर्बोदकांत तंतू मिसळलेले असतात, युरोपीय संघाच्या नियमांनुसार छापलेल्या कर्बोदकांत ते वगळलेले असतात. शिजवलेल्या १०० ग्रॅम काबुली चण्यांत तंतूंसह सुमारे २७ ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यांपैकी साडेसात ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. एका पदार्थाचा आकडा एका तक्त्यातून आणि दुसऱ्याचा दुसऱ्या तक्त्यातून उचलला, तर बेरजेला काहीच अर्थ राहत नाही. एकच तक्ता निवडावा, आपण तंतूंसह मोजतो की वगळून हे लेबलवर स्पष्ट लिहावे, आणि तंतूंचा आकडा शेजारी वेगळा द्यावा, म्हणजे ज्याला त्याच्या डॉक्टरांनी जसे शिकवले असेल तसे त्याला मोजता येते. या लेखात सर्व आकडे तंतूंसह धरले आहेत.

ग्लायसेमिक इंडेक्सविषयीही, म्हणजे एखादा पदार्थ रक्तातील साखर किती वाढवतो याच्या मोजपट्टीविषयीही, नवखे लोक नेहमी विचारतात. टोरोंटो विद्यापीठातील डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही मोजपट्टी मांडली आणि पदार्थ निवडताना ती उपयोगी पडते यात शंका नाही. परंतु ती एका पदार्थाची, ठरावीक कर्बोदकांच्या प्रमाणात, काही माणसांवर घेतलेली सरासरी आहे. भात, रस्सा, भाजी आणि प्रथिने एकत्र असलेल्या जेवणाचा इंडेक्स तक्त्यांची बेरीज करून मिळत नाही. म्हणून निवडीसाठी तिचा आधार घ्यावा, लेबलवर मात्र तो आकडा छापू नये. त्याचप्रमाणे शिजवून थंड केलेल्या भातात पचनास अवघड अशा स्टार्चचे प्रमाण थोडे वाढते हे खरे असले, तरी त्या नावाखाली लेबलवरची कर्बोदके कमी करून दाखवणे चुकीचे आहे.

तिसरी पायरी: एक डबा पूर्ण मांडून पाहणे

आता एक डबा प्रत्यक्ष रचून पाहू. त्यात चार कप्पे आहेत: भात, काबुली चण्यांचा रस्सा, फ्लॉवरची भाजी आणि भाजलेली कोंबडी.

शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदके असतात, त्यामुळे ७५ ग्रॅम भातातून २१ ग्रॅम मिळतात. रस्शात शिजवलेले चणे ६० ग्रॅम धरले तर त्यांतून १६ ग्रॅम येतात. उरलेला रस्सा म्हणजे कांदा आणि टोमॅटो. दर डब्यामागे ३० ग्रॅम कांदा आणि ६० ग्रॅम टोमॅटो धरल्यास ५ ग्रॅमची भर पडते. शिजवलेल्या १०० ग्रॅम फ्लॉवरमध्ये ४ ग्रॅम असतात. ८० ग्रॅम भाजलेल्या कोंबडीत, तिला लावलेल्या मसाल्यात साखर किंवा पीठ नसेल तर, कर्बोदके नसतात. एकूण बेरीज ४६ ग्रॅम होते. तंतू सुमारे ८ ग्रॅम आणि प्रथिने सुमारे ३५ ग्रॅम भरतात. रस्सा आणि भाजी यांसाठी दर डब्यामागे मिळून १० ग्रॅम तेल ठेवले तर ऊर्जा साडेचारशे ते पाचशे किलोकॅलरींच्या दरम्यान राहते. मांसाहार न करणाऱ्यांसाठी कोंबडीच्या जागी दोन उकडलेली अंडी दिली तर कर्बोदके जेमतेम १ ग्रॅमने वाढतात, मात्र अंड्यांतून प्रथिने १२ ग्रॅमच्या आसपासच मिळतात, आणि लेबल त्याप्रमाणे वेगळे छापावे लागते.

मिठाचाही हिशेब याच वेळी करावा, कारण मधुमेहासोबत रक्तदाब असलेले ग्राहक पुष्कळ असतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्याची शिफारस करते. एका डब्यात सर्व कप्पे मिळून दीड ग्रॅम मीठ ठेवायचे ठरवले, तर ४० डब्यांसाठी ६० ग्रॅम मीठ होते. ते सकाळीच वजन करून वाटीत काढून ठेवावे आणि चव घेऊन वरून मीठ टाकण्याची आचाऱ्याची सवय मोडावी. हे सांगायला सोपे आणि करायला कठीण आहे. चांगला आचारी हाताच्या अंदाजावर जगतो आणि त्याला काट्यावर आणणे हे पहिल्या महिन्यातील सर्वांत नाजूक काम असते. चव उणी वाटली तर लिंबू, लसूण, आले आणि भाजलेले मसाले वाढवण्याची मोकळीक त्याला द्यावी, म्हणजे त्याचे कसबही वाया जात नाही.

लहान-मोठे डबे करायचे झाल्यास फक्त भात बदलावा. ६० ग्रॅमच्या डब्यासाठी भात ७५ ऐवजी १२५ ग्रॅम होतो, ३० ग्रॅमच्या डब्यात तो चमचाभरच उरतो, आणि बाकीचे तीन कप्पे तसेच राहतात. सगळे कप्पे बदलत बसलो तर भरणाऱ्यांचा गोंधळ उडतो आणि चूक कुठे झाली हे शोधता येत नाही.

चौथी पायरी: पातेल्यापासून डब्यापर्यंत

माझ्या मते सारा व्यवसाय या पायरीवर उभा राहतो किंवा कोसळतो, म्हणून इथे थोडा वेळ थांबते.

भात दररोज सारखा शिजत नाही. पाणी जरा जास्त झाले, झाकण सैल राहिले, तांदूळ जुना निघाला, तरी शिजलेल्या भाताचे वजन बदलते. परंतु पातेल्यात कर्बोदके येतात ती कोरड्या तांदळातून. पाण्यातून काहीच येत नाही. कोरड्या तांदळात १०० ग्रॅमला सुमारे ८० ग्रॅम कर्बोदके असतात. ४० डब्यांसाठी १ किलो ६० ग्रॅम तांदूळ घेतला तर पातेल्यात साधारण ८४८ ग्रॅम कर्बोदके आली, म्हणजे डब्यामागे २१ ग्रॅम. आता शिजलेला भात ३ किलो भरला तर प्रत्येक डब्यात ७५ ग्रॅम घालावा, ३ किलो २०० ग्रॅम भरला तर ८० ग्रॅम घालावा, आणि २ किलो ९०० ग्रॅमच भरला तर साडेबहात्तर. वजन बदलले तरी प्रत्येक डब्यातील कर्बोदके तितकीच राहतात. रिकाम्या पातेल्याचे वजन एकदा करून त्याच्या कडेवर रंगाने लिहून ठेवले म्हणजे रोजचा हिशेब मिनिटभरात होतो. तळाला भात लागला तर मात्र तो खरवडून वेगळा तोलावा आणि किती डब्यांचा ऐवज गेला ते पाहून तितके डबे कमी भरावेत. उरलेला भात पसरून ४० डबे पूर्ण करण्याचा मोह टाळावा.

रस्शाची अडचण याहून मोठी आहे आणि माझी चूक तिथेच झाली होती. चणे जड असतात, ते तळाशी बसतात. ४० डब्यांच्या पातेल्यात २ किलो ४०० ग्रॅम शिजलेले चणे आणि ४ किलो रस्सा असतो, आणि प्रत्येक डब्यात मिळून १६० ग्रॅम जायला हवे. पळीने भरणारा माणूस काट्यावर १६० ग्रॅम अगदी बरोबर तोलतो, तरीही पहिल्या डब्यांत वरचा पातळ रस्सा अधिक जातो आणि शेवटच्या डब्यांत तळाचे चणे. पहिल्या डब्यात ३५ ग्रॅम चणे आणि १२५ ग्रॅम रस्सा पडला तर त्या कप्प्यात सुमारे १६ ग्रॅम कर्बोदके होतात. शेवटच्या डब्यात ९० ग्रॅम चणे आणि ७० ग्रॅम रस्सा पडला तर ती २८ ग्रॅम होतात. छापलेला आकडा दोन्हींवर २१ असतो. वजन बरोबर, लेबल बरोबर, आणि फरक १२ ग्रॅमचा. ज्या व्यक्तीला दर १० ग्रॅम कर्बोदकांमागे १ युनिट इन्सुलिन घ्यायला सांगितले आहे, तिच्यासाठी हा एक युनिटाहून मोठा फरक आहे.

उपाय साधा आहे. चणे आणि रस्सा वेगवेगळ्या पातेल्यांत ठेवावेत, डब्यात आधी ६० ग्रॅम चणे तोलून घालावेत, काटा शून्यावर आणावा आणि मग वरून १०० ग्रॅम रस्सा ओतावा. चण्यांना रस्शाची चव लागावी म्हणून ते रस्शात थोडे उकळून मोठ्या झाऱ्याने गाळून काढता येतात. हाच नियम घट्ट आणि पातळ भाग वेगळे होणाऱ्या प्रत्येक पदार्थाला लागू होतो, मग ते चण्यांचे सूप असो वा भाज्या घातलेला पास्ता. यामुळे डबा भरण्याचा वेळ वाढतो. दोघांच्या जागी तिघे लागतात आणि हा खर्च डब्याच्या किमतीत धरावाच लागतो; इतर डब्यांशी किमतीची स्पर्धा करायला निघालात तर सर्वांत आधी काटाच बाजूला पडेल.

रोज भरून झालेल्या डब्यांतून कोणतेही पाच डबे उचलावेत, शक्यतो सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा त्यात असावा, आणि प्रत्येक कप्पा वेगळा तोलून वहीत लिहावा. भात ठरलेल्या वजनापेक्षा १० ग्रॅमने इकडेतिकडे किंवा चणे १० ग्रॅमने इकडेतिकडे निघाले, तर त्या दिवशीचे सर्व डबे पुन्हा तपासावेत. आठवडाभराच्या नोंदी शेजारी ठेवल्या की एखाद्या माणसाचा हात सढळ आहे की काटाच चुकतो आहे हे लगेच दिसते. काट्याची खात्री करण्यासाठी ज्ञात वजनाचे माप दररोज सकाळी एकदा ठेवून पाहावे.

पाचवी पायरी: छुपी कर्बोदके आणि परस्पर केलेले बदल

पाककृती बरोबर असूनही आकडा बिघडतो तो बहुधा कोणीतरी सद्हेतूने केलेल्या बदलामुळे. रस्सा पातळ वाटला म्हणून आचाऱ्याने १५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर कालवून घातले, तर ४० डब्यांत प्रत्येकी साडेतीन ग्रॅमच्या आसपास कर्बोदके वाढली. साधे दही संपले म्हणून गोड दही आणले, टोमॅटो महाग झाले म्हणून तयार प्युरी वापरली आणि तिच्यात साखर होती, मसाल्याची कंपनी बदलली आणि नव्या मसाल्यात माल्टोडेक्स्ट्रिन हा स्टार्चपासून बनवलेला पदार्थ निघाला, अशी उदाहरणे वारंवार घडतात. माल्टोडेक्स्ट्रिन गोड लागत नाही, परंतु ते रक्तातील साखर झपाट्याने वाढवते आणि काही पावडर स्वरूपातील स्वीटनरमध्येही ते भर म्हणून घातलेले असते. मध आणि खजुराचा पाक यांना नैसर्गिक म्हणून सवलत देणे ही तर नेहमीची चूक आहे. हिशेबात ती साखरच धरावी. साखर नाही म्हणजे कर्बोदके नाहीत, असे कधीच समजू नये.

नियम एकच ठेवावा: वस्तू किंवा कंपनी बदलली की तो पदार्थ हिशेब नव्याने होईपर्यंत थांबतो. भांडारात प्रत्येक पाकिटावर तपासल्याची तारीख आणि सही असावी, आणि ज्यावर ती नाही ते पाकीट उघडू नये.

पहिल्या काही पाककृती स्थिरावल्यावर त्या अन्नतपासणी प्रयोगशाळेत पाठवाव्यात. नमुना मुद्दाम नीट भरून पाठवणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे. पॅक झालेल्या डब्यांतून यादृच्छिक पद्धतीने उचललेले डबे पाठवावेत. कर्मचाऱ्यांची किंवा ग्राहकांची साखर ग्लुकोमीटरवर तपासून पदार्थाचा दर्जा ठरवण्याची कल्पना काही जण मांडतात, पण तिचा उपयोग होत नाही, कारण एकच जेवण दोन माणसांवर आणि एकाच माणसावर दोन दिवशी वेगळा परिणाम करते. झोप, औषध, चालणे, आजारपण, सगळ्याचा त्यात वाटा असतो.

सहावी पायरी: लेबल आणि पोहोचण्याची वेळ

लेबलवर फक्त एकूण ४६ ग्रॅम असे छापणे पुरेसे नाही. ग्राहक भात अर्धाच खातो, रस्सा दुसऱ्याला देतो, कोंबडी रात्रीसाठी ठेवतो. म्हणून कप्प्यागणिक आकडे द्यावेत: भात ७५ ग्रॅम, कर्बोदके २१, चण्यांचा रस्सा १६० ग्रॅम, कर्बोदके २१, फ्लॉवर १०० ग्रॅम, कर्बोदके ४, कोंबडी ८० ग्रॅम, कर्बोदके ०. मग अर्धा भात उरवणाऱ्याला आपण ३५ किंवा ३६ ग्रॅमच खाल्ले हे लगेच कळते. अक्षर मोठे असावे, कारण हे ग्राहक अनेकदा वयस्क असतात आणि मधुमेहाने दृष्टी अधू झालेली असू शकते. डबा साखर कमी करतो, मधुमेह बरा करतो, औषध सोडवतो, असे काहीही लेबलवर किंवा जाहिरातीत लिहू नये. ते खरे नसते आणि बहुतेक देशांत अशा दाव्यांवर कायद्याने बंधने आहेत. आपल्या ठिकाणचे नियम परवाना काढतानाच समजून घ्यावेत.

वेळेचा प्रश्न इतर कोणत्याही क्लाउड किचनपेक्षा इथे गंभीर असतो. जलद परिणाम करणारे इन्सुलिन साधारणपणे जेवणाच्या थोडे आधी, १५ मिनिटांच्या आसपास, घेतले जाते. डबा निघाल्याचा संदेश मोबाइलवर आला म्हणून कोणी इन्सुलिन टोचून घेतले आणि डबा पाऊण तास अडकला, तर त्या व्यक्तीची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ती गेली की घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे सुरू होऊ शकते. तितकीच घातक चूक म्हणजे इन्सुलिन घेतलेल्या माणसाच्या डब्यात भाताचा कप्पाच नसणे. म्हणून झाकणावर ठळक ओळ छापावी की डबा हातात येऊन उघडून पाहिल्याशिवाय जेवणाचे इन्सुलिन घेऊ नका. नोंदणीत इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्यांवर असल्याचे सांगितलेल्या ग्राहकांचे डबे पहिल्या फेरीत पाठवावेत, आणि २० मिनिटांहून अधिक उशीर होतो आहे असे दिसताच संदेशावर न विसंबता फोन करावा. यासाठी मी ॲपवरून सुटे ऑर्डर घेण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी बंद होणारी आठवड्याची नोंदणी पसंत करते. किती डबे लागतील हे रात्रीच कळते, वाया जाणारे अन्न घटते आणि पोहोचवणारा माणूस आपला असतो.

गरम पाठवायचे डबे पोहोचेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवेत. थंड करून पाठवायचे असतील तर शिजलेले अन्न पहिल्या दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि त्यानंतरच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरले पाहिजे. भाताबाबत हे विशेष पाळावे, कारण बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही तग धरतात आणि कोमट भातात त्यांतून जिवाणू झपाट्याने वाढतात. खोल पातेल्यातला भात आतून तासन्‌तास कोमट राहतो, तो उथळ ट्रेमध्ये पसरून थंड करावा.

सातवी पायरी: दुसरा पदार्थ कधी आणावा

ग्राहक त्याच जेवणाला कंटाळतात आणि मग आठवडाभरातच सहा नवे पदार्थ यादीत घालण्याची घाई होते. तसे करू नये. पाच डब्यांच्या दैनंदिन तपासणीत सलग दोन आठवडे एकही कप्पा मर्यादेबाहेर गेला नाही, तेव्हाच पुढचा पदार्थ आणावा, आणि तोही त्याच चार कप्प्यांच्या चौकटीत. चण्यांऐवजी मसूर आणायचे असतील तर शिजलेल्या १०० ग्रॅम मसुरात सुमारे २० ग्रॅम कर्बोदके असतात, त्यामुळे ६० ग्रॅम चण्यांची जागा ८० ग्रॅम मसूर घेतात आणि त्या कप्प्याचे १६ ग्रॅम तसेच टिकतात. मात्र मसूर शिजल्यावर काही प्रमाणात फुटून रस्शात मिसळतात, त्यामुळे डबे भरताना ते चण्यांसारखे गाळून वेगळे तोलता येत नाहीत. अशा वेळी भातासारखीच रीत वापरावी: कोरडे मसूर तोलून घ्यावेत, तयार झालेल्या संपूर्ण पातेल्याचे वजन करावे, ४० ने भागावे आणि भरताना दर पाचव्या डब्यानंतर पळी तळापर्यंत घालून ढवळावे. पहिल्या दिवशी विक्रीसाठी न ठेवता १५ डबे भरून पाहावेत आणि पहिल्या, आठव्या आणि पंधराव्या डब्यातील चाळणीवर उरणारे मसूर धुऊन, निथळून तोलावेत. तिन्हींमध्ये १० ग्रॅमच्या आत फरक असेल तर पदार्थ यादीत घालता येतो. नसेल तर रस्सा आणखी घट्ट करून पाहावा, आणि घट्टपणासाठी पीठ न वापरता त्यातलाच थोडा मसूर घोटून घालावा.